डोळे दुखतात म्हणून ब्राइटनेस तळाला नेताय? मॉनिटरच्या या चुका टाळा

सांगलीत संगणक दुरुस्तीचं काम करताना सगळ्यांत जास्त कानावर येणारी तक्रार विंडोजची नसते, डोळ्यांची असते. डोळे चुरचुरतात, कपाळ ठणकतं, संध्याकाळी आकडे पुसट दिसायला लागतात. येणारा माणूस बहुतेक वेळा दोन उपाय आधीच करून आलेला असतो. निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेतलेला असतो आणि मॉनिटरचा ब्राइटनेस पार खाली नेलेला असतो. चष्म्याने थकवा कमी होतो याला भक्कम आधार नाही. बरेच अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2023 च्या कॉक्रेन आढाव्यातही साध्या काचांच्या तुलनेत फरक दिसला नाही. ब्राइटनेसचा उपाय मात्र काही मॉनिटरवर चक्क उलटा पडतो, आणि हे दुकानदारही सांगत नाहीत. म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

चूक पहिली: ब्राइटनेस कमी म्हणजे डोळ्यांना आराम, असं धरून चालणं

मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवरचे दिवाणजी. हंगामात दिवसभर सौदे आणि रात्री उशिरापर्यंत हिशोबाच्या पट्ट्या करायच्या. संध्याकाळी सातनंतर डोकं इतकं धरायचं की आकडे दोनदा वाचावे लागायचे. मिरजेला जाऊन डोळे तपासून आले, नंबर बरोबर निघाला. मला म्हणाले, "अहो दादा, ब्राइटनेस पार दहावर आणलाय, आता याहून कमी कुठं करायचा? तरी बी डोकं धरतंयच की."

मॉनिटर 22 इंची, जुना, एलईडी बॅकलाइटचा. मी नोटपॅड उघडून पूर्ण पडदा पांढरा केला, खोलीतल्या ट्यूब बंद करायला लावल्या आणि पडद्यासमोर पेन्सिल भराभर आडवी हलवली. पेन्सिलीचा एकसंध धूसर पट्टा दिसायला हवा होता. त्याऐवजी फणीच्या दातांसारख्या सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या. मग ब्राइटनेस 100 वर नेला आणि तीच पेन्सिल तशीच हलवली. आता पट्टा एकसंध. दिवाणजींनी स्वतः पेन्सिल घेऊन दोन्ही करून बघितलं, तेव्हा त्यांचा विश्वास बसला.

आत काय चालतं ते समजून घ्या. एलसीडी पडद्याला स्वतःचा उजेड नसतो, मागे एलईडीचे दिवे असतात. ते मंद करायचे दोन मार्ग आहेत. एक, दिव्याला जाणारा प्रवाहच कमी करायचा. याला डीसी डिमिंग म्हणतात, दिवा सलग पेटलेला राहतो. दुसरा, दिवा पूर्ण ताकदीने पेटवायचा पण सेकंदात शेकडो वेळा चालू-बंद करायचा, म्हणजे सरासरी उजेड कमी वाटतो. हे पीडब्ल्यूएम. समजा दिवा सेकंदाला 240 वेळा पेटतो आणि ब्राइटनेस 20 टक्के आहे. मग प्रत्येक फेरीतल्या साधारण 4.2 मिलीसेकंदांपैकी दिवा जेमतेम 0.8 मिलीसेकंद पेटतो, उरलेले 3.3 मिलीसेकंद पडदा अंधारात असतो. ब्राइटनेस जितका खाली न्याल, तितका हा अंधार लांबतो. 100 टक्क्यांवर मात्र बहुतेक अशा मॉनिटरचा दिवा बंदच होत नाही, म्हणून तिथे पेन्सिल एकसंध दिसली.

इतक्या वेगाची लुकलुक स्थिर नजरेला जाणवत नाही. पण वाचताना नजर स्थिर नसते, शब्दावरून शब्दावर, रकान्यातून रकान्यात उड्या मारते. त्या उडीत पडद्याच्या तुटक तुटक प्रतिमा डोळ्यावर पडतात. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही. एकाच पेढीवर एकाच मॉनिटरपुढे बसणाऱ्या दोघांपैकी एकाचं डोकं दुखतं, दुसऱ्याला काहीच होत नाही. म्हणूनच "मला तर काही होत नाही" हे दुसऱ्याला सांगायचं उत्तर नव्हे.

दिवाणजींना नवा मॉनिटर लगेच घ्यायचा नव्हता. म्हणून ब्राइटनेस 100 वरच ठेवला आणि मॉनिटरच्या मेनूतला Contrast खाली आणत गेलो. कॉन्ट्रास्ट कमी केल्यावर पांढरा रंग मंद होतो, पण मागच्या दिव्याला हात लागत नाही, तो सलग पेटलेला राहतो. यात फिकट छटा एकमेकींत मिसळतात, फोटोचं काम असेल तर हा मार्ग चालणार नाही. हिशोबाच्या आकड्यांना काही फरक पडत नाही. त्याच आठवड्यात त्यांचं संध्याकाळचं डोकं धरणं कमी झालं. पुढच्या हंगामाआधी शेठनी डीसी डिमिंगचा मॉनिटर घेतला आणि ही तडजोडही संपली.

मग ब्राइटनेस किती ठेवायचा? मी आकड्यावर जात नाही, कोरा कागद घेतो. पडद्यावर पांढरं पान उघडायचं, शेजारी कोरा कागद त्याच खोलीच्या उजेडात धरायचा. पडदा दिव्यासारखा भडक वाटला तर जास्त आहे, मळकट करडा वाटला तर कमी आहे. दोन्ही साधारण सारखे दिसले की थांबायचं. खोक्यातून काढलेले मॉनिटर बरेचदा 250 ते 300 कँडेला प्रति चौरस मीटरवर असतात, आणि साध्या खोलीला 100 ते 120 पुरतात. त्यामुळे नव्या मॉनिटरचा ब्राइटनेस कमी करावाच लागतो. म्हणून तो कमी केल्यावर दिवा कसा वागतो, हे खरेदीच्या वेळीच बघायला हवं. पेढीचं शटर उघडं असेल तर दुपारचं आणि रात्रीचं सेटिंग वेगळं ठेवा. एकदाच लावून वर्षभर हात न लावणाऱ्यांना मी हे सांगून थकलो आहे.

चूक दुसरी: अक्षर मोठं करायला रिझोल्यूशन कमी करणं

हे मला सगळ्यांत जास्त खटकतं, कारण चांगला मॉनिटर घेऊन त्याचं पाणी करण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे. विश्रामबागेत डीटीपी करणाऱ्या एका ताईंनी 27 इंची, 2560 बाय 1440 चा मॉनिटर घेतला. मेनूची अक्षरं बारीक दिसायला लागली. ओळखीच्या मुलाने दोन क्लिकमध्ये रिझोल्यूशन 1920 बाय 1080 केलं. अक्षरं मोठी झाली आणि ताई खूश. काही दिवसांनी लग्नपत्रिकेच्या प्रुफात अनुस्वार सुटायला लागले, "घ" आणि "ध" नीट ओळखू येईनात, मान पुढे काढून बसायची सवय लागली.

कारण सरळ आहे. एलसीडीचे ठिपके पक्के असतात, 1440 ओळी म्हणजे 1440 च. तिथे 1080 ओळींचं चित्र पाठवलं की प्रत्येक ठिपका सव्वा-दीड ठिपक्यावर पसरतो, नेमका 1.33 वर. अर्धा ठिपका पेटवता येत नाही, म्हणून कडा धुरकट होतात. धुरकट कडेवर डोळा पुन्हा पुन्हा नेमका करायला बघतो, तो होत नाही, आणि थकतो.

मी रिझोल्यूशन परत 2560 बाय 1440 केलं आणि Settings > System > Display मध्ये Scale 125% ठेवलं. या मॉनिटरचा एक ठिपका सुमारे 0.233 मिलीमीटरचा आहे, सव्वापट केला की 0.29 होतो. त्यांच्या जुन्या 24 इंची फुल एचडीचा ठिपका 0.277 चा होता. म्हणजे अक्षर जुन्यापेक्षा जरा मोठंच झालं, शिवाय ते जास्त ठिपक्यांनी काढलं जात असल्याने धारदार. पत्रिकेचं एक जुनं सॉफ्टवेअर तेवढं स्केल केल्यावर पुसट दिसायला लागलं. त्याच्या आयकॉनवर उजवं क्लिक करून Properties > Compatibility > Change high DPI settings मध्ये जा, तिथे खालच्या चौकटीत खूण करून आधी System (Enhanced) निवडून बघा. ते जमलं नाही तर Application निवडा. त्यात अक्षर धारदार होतं, पण बटणं बारीक राहतात.

मराठी वाचणाऱ्यांनी अक्षराच्या आकाराकडे इंग्रजी वाचणाऱ्यांपेक्षा जास्त लक्ष द्यायला हवं. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार या सगळ्याला त्याच उंचीत जागा करायची असते. त्यामुळे त्याच पॉइंटचं मूळ अक्षर इंग्रजीपेक्षा लहान पडतं. म्हणून मॉनिटर निवडताना 27 इंचात फुल एचडी घेऊ नका. ठिपका 0.31 चा होतो, अक्षर मोठं दिसतं पण जोडाक्षरं भरडली जातात. फुल एचडीच हवं असेल तर 22 किंवा 24 इंच बरं. 27 घ्यायचाच असेल तर 1440 घ्या. हातभर अंतरावरून "द्ध" आणि "द्व" ओळखण्यासाठी पुढे झुकावं लागत असेल, तर स्केल वाढवा. घाई करून फक्त इंच मोजणाऱ्यांना मी आधी दुकानात मराठी मजकूर उघडून बघायला सांगतो.

बाकीच्या, थोडक्यात

मॉनिटर 75, 100 किंवा 144 हर्ट्झचा आहे म्हणून लुकलुकत नाही, हे खोटं. ते चित्र बदलण्याचा वेग सांगतं, मागच्या दिव्याचं काही सांगत नाही.

व्हीजीए केबल अजून लावलेली असेल तर काढा, एचडीएमआय लावा.

वाचायचा चष्मा साधारण 40 सेंटीमीटरसाठी असतो, मॉनिटर 60 वर असतो. चाळिशी लागलेल्यांनी डॉक्टरांना मॉनिटरचं अंतर मोजून सांगावं.

टेबल फॅन तोंडावर ठेवू नका. पडद्यापुढे पापणी आधीच कमी लवते, त्यात वाऱ्याने डोळे आणखी सुकतात.

विकत घेताना

खोक्यावर "फ्लिकर फ्री" लिहिलंय एवढ्यावर समाधान मानू नका. काही मॉनिटर वरच्या ब्राइटनेसला डीसी डिमिंग वापरतात आणि ठराविक पातळीच्या खाली पीडब्ल्यूएमवर जातात. विक्रेत्याला पांढरा पडदा लावायला सांगा आणि ब्राइटनेस 100, 50, 20 आणि 0 असा स्वतः बटणाने उतरवा. दुकानातले दिवे बंद करता येत नाहीत, आणि चोकवाल्या ट्यूब स्वतःच सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, त्यामुळे तिथे पेन्सिल फसवू शकते. त्याऐवजी फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड लावा, शटर 1/1000 किंवा त्याहून वेगवान करा आणि पडदा जवळून भरून धरा. ब्राइटनेस उतरवल्यावर आडवे काळे पट्टे उमटले, तर दिवा चालू-बंद होतोय. पट्टे रुंद आणि गडद असतील तर तो मॉनिटर सोडा. अगदी बारीक, दाट आणि फिकट असतील तर लुकलुक बरीच वेगवान आहे, त्रास होण्याची शक्यता कमी. साध्या ऑटो मोडने बघू नका, त्यात पट्टे दडून राहतात.

शून्यावर आणल्यावर पांढरं पान किती भडक राहतं तेही बघा. काही मॉनिटर तळालाही रात्रीच्या खोलीसाठी जास्त उजळ असतात. ऑनलाइन मागवला असेल तर आला त्याच दिवशी रात्री दिवे घालवून पेन्सिल आणि फोन, दोन्ही चाचण्या करा, आणि परत करायची मुदत संपेपर्यंत खोकं आणि थर्माकोल जपून ठेवा.