पुस्तकातल्या ऋतूंच्या आकृतीचा फोटो समजावून सांगताना या चुका टाळा

मधोमध सूर्य, त्याच्याभोवती लंबगोल कक्षा, कक्षेवर चार ठिकाणी पृथ्वी आणि प्रत्येक पृथ्वीतून आरपार गेलेला तिरका आस. भूगोलाच्या पुस्तकातली ही आकृती मुलं हल्ली मोबाइलवर टिपतात आणि ‘हे कळत नाही’ म्हणून पाठवून देतात. मी मुंबईत शाळेच्या मुलांना भूगोल शिकवतो. अशा फोटोंवरून ऋतू समजावताना मोठी माणसं बहुतेक वेळा त्याच त्या ठिकाणी घसरतात. काही चुका आकृतीच्या असतात, काही समजावणाऱ्याच्या, आणि एक चूक चक्क फोटोची असते. तिच्यापासूनच सुरुवात करतो, कारण तिच्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही.

फोटोवर कोनमापक ठेवू नका

मुलुंडच्या एका सातवीतल्या मुलीने आकृतीचा फोटो मोठा करून, स्क्रीनवर कोनमापक ठेवून आसाचे कोन मोजले. डावीकडची, म्हणजे जूनची पृथ्वी २८ अंश कललेली आली. उजवीकडची, डिसेंबरची, १९ अंश. तिने विचारलं, “सर, डिसेंबरात पृथ्वी कमी कलते, म्हणून थंडी पडते का?”

मोजमाप तिने नीट केलं होतं, निष्कर्षही आकड्यांना धरून होता. चुकला होता तो फोटो. पुस्तक टेबलावर सपाट पडलेलं आणि मोबाइल खालच्या बाजूने तिरका धरलेला, अशा वेळी पानाचा वरचा भाग कॅमेऱ्यापासून लांब जातो आणि फोटोत अरुंद दिसतो. मग पानाच्या दोन्ही उभ्या कडा वर जाताना आत झुकतात. डावी कड उजवीकडे झुकते, उजवी कड डावीकडे. आकृतीतले आसही याच ओढीत सापडतात. दोन्ही आस मुळात उजवीकडे २३.५ अंश कललेले असतात. डावीकडच्या आसाचं कलणं वाढतं आणि उजवीकडच्याचं घटतं.

ओळखायची खूण सोपी आहे. फोटोत पानाच्या कडा एकमेकींना समांतर आहेत का, ते बघा. नसतील तर त्या फोटोवरचा कुठलाच कोन खरा नाही. मोबाइल पानाच्या बरोबर वर, पानाला समांतर धरून पुन्हा फोटो घ्या, किंवा कागदपत्रं स्कॅन करण्याची सोय वापरून पानाचे चार कोपरे जुळवून घ्या. पुस्तकाच्या शिवणीजवळ पान वाकलेलं असतं, तिथे स्कॅनही पुरता साथ देत नाही. पान हाताने दाबून सपाट करावं लागतं.

त्या मुलीने पुन्हा फोटो घेतला, तेव्हा चारही आस समांतर आले. ऋतूंची सगळी गोष्ट याच समांतरपणात आहे. पृथ्वी सूर्याभोवती कुठेही असली तरी तिचा आस आकाशात एकाच दिशेला, ध्रुवताऱ्याच्या जवळपास, रोखलेला राहतो. वर्षभरात आस इकडून तिकडे डोलत नाही. बदलते ती पृथ्वीची जागा, आणि त्यामुळे तोच कललेला आस कधी सूर्याच्या बाजूला झुकलेला ठरतो, कधी विरुद्ध बाजूला. फोटोवर पट्टी ठेवून मुलाला आधी एवढंच तपासायला सांगा. ते त्याला पटल्याशिवाय पुढचं काही सांगू नये, असं माझं मत आहे.

मार्च आणि सप्टेंबरमध्ये आस सरळ होतो, असं सांगू नका

जून-डिसेंबर समजावून झालं की घाईघाईत असं वाक्य येतं: ‘मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये पृथ्वी सरळ होते, म्हणून दिवस-रात्र समान.’ आस सरळ होत नाही. आकृतीतल्या पुढच्या आणि मागच्या पृथ्वीकडे बघा, आस तितकाच उजवीकडे कललेला आहे. फरक एवढाच की तिथून सूर्य उजवीकडे किंवा डावीकडे नाही. पुढच्या पृथ्वीसाठी तो मागे आहे आणि मागच्या पृथ्वीसाठी पुढे. कलणं आहे, पण ते सूर्याच्या रेषेला आडवं पडलं आहे. त्यामुळे उत्तर ध्रुव सूर्याकडेही झुकत नाही आणि त्याच्यापासून दूरही जात नाही.

आस उजवीकडे कललेला असेल, तर डावीकडची पृथ्वी जूनची, पुढची सप्टेंबरची, उजवीकडची डिसेंबरची आणि मागची मार्चची. उत्तरेकडून पाहिलं तर पृथ्वी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते, त्यावरून हा क्रम येतो. फोटोत कक्षेचे बाण उलटे दिसत असतील तर तो आरशासारखा उलटा झाला आहे का, ते तपासा. अक्षरं कापून फक्त आकृती पुढे पाठवली असेल तर हे पटकन लक्षात येत नाही.

‘सूर्याकडे झुकलेला भाग जवळ येतो, म्हणून तापतो’ हे उत्तर सोडून द्या

सगळ्यात चिवट चूक ही. आकृती बघितली की तसंच वाटतं, कारण कागदावर पृथ्वी आणि सूर्य बोटभर अंतरावर असतात आणि झुकलेला ध्रुव खरोखर सूर्याच्या जवळ आलेला दिसतो. प्रमाण लावून बघा. पृथ्वी एक सेंटिमीटरची काढली, तर सूर्य एक मीटरहून थोडा मोठा काढावा लागेल आणि तो सुमारे ११७ मीटरवर, म्हणजे बारा डब्यांच्या लोकलच्या जवळपास अर्ध्या लांबीवर ठेवावा लागेल. एवढ्या अंतरावर त्या एक सेंटिमीटरच्या गोळ्याची वरची बाजू किंचित पुढे आली, म्हणून ऊब वाढणार नाही.

अंतराचा मोठा फरक दुसरीकडेच आहे, आणि तो उलट्या बाजूने बोलतो. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर. हीच उपसूर्य स्थिती. जुलैच्या सुरुवातीला, अपसूर्य स्थितीत, हे अंतर सुमारे १५ कोटी २१ लाख होतं. जानेवारीत पृथ्वीला जुलैपेक्षा जवळपास सात टक्के जास्त ऊन मिळतं, आणि त्याच जानेवारीत मुंबईकर स्वेटर शोधत असतात.

या गैरसमजाला आकृतीतली लांबट कक्षा आणखी खतपाणी घालते. ती लांबट दिसते कारण आकृती बाजूने, तिरकं पाहून काढलेली असते. खरी कक्षा जवळजवळ वर्तुळ आहे. दहा सेंटिमीटर व्यासाची काढली, तर तिची लांबी आणि रुंदी यांतला फरक पेन्सिलच्या रेषेच्या जाडीत हरवून जाईल. सूर्य मात्र मध्यापासून पाऊण मिलिमीटरहून थोडा जास्त सरकलेला असेल. अंतरातला फरक येतो तो त्या सरकण्यामुळे.

मग कारण काय, ते मुंबईवर काढून दाखवा

‘किरण तिरपे पडतात’ एवढं म्हणून थांबलं की मूल ते वाक्य पाठ करतं आणि विसरतं. त्यापेक्षा मुंबईचाच हिशोब करा. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला सूर्य २३.५ अंश दक्षिणेला, मकरवृत्तावर असतो. मुंबईहून तो माथ्यापासून १९ अधिक २३.५, म्हणजे ४२.५ अंश दक्षिणेकडे झुकलेला दिसतो. क्षितिजापासून त्याची उंची ४७.५ अंश. या उंचीवरून येणारा एक चौरस मीटरचा प्रकाशझोत जमिनीवर सुमारे १.३६ चौरस मीटरवर पसरतो. ऊन तेवढंच, पण ते जास्त जागेत वाटलं गेलं. म्हणून प्रत्येक चौरस मीटरच्या वाट्याला चौथ्या हिश्शाहून थोडं जास्तच कमी येतं.

२१ जूनला सूर्य कर्कवृत्तावर, २३.५ अंश उत्तरेला असतो. मुंबईच्या माथ्यापासून तो फक्त ४.५ अंश दूर, आणि तोही उत्तरेकडे. झोत जवळजवळ पसरतच नाही. शिवाय मुंबईत तेव्हा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि डिसेंबरअखेर जेमतेम अकरा तासांचा. ऊन जास्त एकवटलेलं आणि जास्त वेळ, ही दोन्ही कारणं कललेल्या आसातूनच येतात. पुष्कळ जण पहिलंच सांगतात आणि दुसरं राहून जातं.

हे गच्चीवर पडताळता येतं. एक मीटरची काठी सरळ उभी करा. २२ डिसेंबरच्या मध्यान्ही तिची सावली उत्तरेकडे सुमारे ९२ सेंटिमीटर पडते. इथे एक खबरदारी घ्या, घड्याळात बारा वाजता मोजू नका. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि मुंबई तिच्या बरीच पश्चिमेला. म्हणून २२ डिसेंबरला मुंबईत सूर्य दिवसातल्या सर्वांत उंच जागी येतो तो साडेबारा उलटून गेल्यावर, १२:४०च्या आसपास. बाराला मोजलेली सावली जास्त लांब येते आणि ती नेमकी उत्तरेला पडत नाही. मग मूल म्हणतं, गणित चुकलं.

जूनमध्ये सावली दक्षिणेला आठेक सेंटिमीटर पडायला हवी, पण ढगांमुळे तो दिवस हाती लागणं कठीण. त्याऐवजी मे महिन्याच्या मध्यावर बघा. सूर्य उत्तरेकडे जाताना तेव्हा मुंबईच्या बरोबर माथ्यावरून जातो आणि काठीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. परतीच्या वाटेवर, जुलैच्या अखेरीला, तो पुन्हा माथ्यावर येतो.

आकृतीवर ‘उन्हाळा’ लिहिलंय म्हणून मुंबईत उन्हाळा, असं समजू नका

जूनच्या पृथ्वीशेजारी ‘उत्तर गोलार्धात उन्हाळा’ असं छापलेलं असतं, आणि मूल खिडकीबाहेर बघतं तर धो धो पाऊस. इथे पालक गडबडतात आणि आकृती आपल्याकडे लागू होत नाही, असं सांगून मोकळे होतात. आकृती लागू होते, पण ती दाखवते फक्त सूर्याकडून किती ऊन येतं ते. जमिनीवर किती उकडेल, हे ती सांगत नाही. मुंबईत मोसमी पाऊस साधारणपणे ११ जूनच्या सुमाराला पोहोचतो. म्हणजे वरून सर्वांत जास्त ऊन येण्याच्या दिवसांत मधे ढगांचं छत असतं. त्यामुळे मे महिना जूनच्या अखेरीपेक्षा जास्त तापतो. मोसमी वारेही या कलण्याशी जोडलेले आहेत. उन्हाळ्यात उत्तरेकडची जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, तिथला हवेचा दाब कमी होतो आणि समुद्रावरची दमट हवा आत ओढली जाते.

ऑक्टोबर हीटचंही तसंच आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर मध्यान्हीचा सूर्य मुंबईत साधारण ६३ अंशांपर्यंत खाली आलेला असतो, म्हणजे आकृतीप्रमाणे ऊन कमी व्हायला लागलेलं असतं. तरी घामाच्या धारा लागतात, कारण ढग गेलेले असतात आणि हवेतला दमटपणा अजून उतरलेला नसतो. मुलाने हा प्रश्न विचारला तर त्याचं उत्तर त्या फोटोत शोधू नका. ते पुस्तकातल्या मोसमी वाऱ्यांच्या धड्यात आहे.