संध्याकाळी डोळे चुरचुरतात? पापण्यांचा शेक नीट कसा घ्यावा

ऐरोलीच्या ऑफिसातून सुटून, ठाणे-वाशी लोकलची गर्दी सोसून माझ्याकडे डोळे तपासायला आलेल्या एका ताईंनी पहिलं वाक्य असं म्हटलं, "डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतंय, आणि पाणी तर सारखं वाहतंय. मग कोरडेपणा कसला?" वय ३८, काम हिशेबाचं, दिवसभर दोन स्क्रीन समोर आणि डोक्यावर एसीचा झोत.

ठाण्यात डोळे तपासताना ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून हा प्रश्न मी रोज ऐकते. डोळ्यावर पाण्याचा पातळ थर असतो आणि ते पाणी उडून जाऊ नये म्हणून त्यावर तेलाचा पापुद्रा असतो. हे तेल पापणीच्या कडेतल्या बारीक ग्रंथींमधून येतं. ते घट्ट झालं की थंडीत थिजलेल्या तुपासारखं आतच अडकतं. वरचं झाकण गेल्यामुळे पाणी भराभर सुकतं, डोळा झोंबतो आणि झोंबला म्हणून एकदम पाणी सोडतो. त्या पाण्यात तेल पुरेसं नसतं, त्यामुळे तेही टिकत नाही.

ताईंच्या डोळ्याला पिवळा रंग लावून पाहिलं तर अश्रूंचा थर चार सेकंदांतच फुटत होता. एरवी तो दहा सेकंद तरी टिकावा. पापणीची कड हलकेच दाबली, तर पातळ तेलाऐवजी टूथपेस्टसारखं पांढरट काहीतरी बाहेर आलं.

म्हणजे हे थिजलेलं तेल वितळवायचं होतं. शेक त्या आधीही घेत होत्या, पण गरम रुमाल मिनिटभर ठेवून उचलायच्या. तेवढ्यानं ग्रंथीपर्यंत ऊब पोचत नाही.

शेकासाठी आधी हात धुवा, काजळ आणि कॉन्टॅक्ट लेन्स काढा. मऊ सुती कापडाची घडी गरम पाण्यात बुडवून पिळा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. तळव्याला जास्त गरम सोसतं, म्हणून तळव्यावर भरवसा ठेवू नका. मनगटाला ऊबदार पण सुखद वाटलं, की डोळे मिटून घडी दोन्ही पापण्यांवर ठेवा, दाबू मात्र नका. दोनेक मिनिटांत ती कोमट होते. तेव्हा पुन्हा बुडवा, पिळा, ठेवा. असं एकूण आठ-दहा मिनिटं. पाण्याचं पातेलं शेजारीच ठेवा, नाहीतर उठण्याच्या कंटाळ्यानं शेक अर्धवट राहतो.

लगेच, ऊब असतानाच, डोळे मिटून स्वच्छ बोटानं वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, केसांच्या दिशेनं पाच-सहा वेळा हलकेच चोळा. जोर बुबुळावर येता कामा नये. शेवटी ओल्या स्वच्छ कापडानं केसांची मुळं पुसून घ्या. दिवसातून एकदा पुरे, त्रास जास्त असेल तर दोनदा. फरक दिसायला तीन-चार आठवडे लागतात. बहुतेक जण आठव्या दिवशी सोडून देतात, हे बघून मला फार वाईट वाटतं. डोळ्याला जंतुसंसर्ग असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेक घेऊ नका.

तेल बाहेर ढकलायचं काम पापणीच करते, पण ती पूर्ण मिटली तर. स्क्रीनकडे बघताना आपण कमी वेळा डोळे मिटतो आणि मिटतो तेही अर्धवट. ताईंना एक ईमेल पाठवला की एकदा, असं लावून दिलं: डोळे मिटून दोन सेकंद थांबा, उघडा, पुन्हा मिटा आणि हलकेच दाबा. स्क्रीन नजरेपेक्षा खाली आणली, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो. एसीचा झोत चुकवायला त्यांनी खुर्ची थोडी सरकवली.

आता थेंबांविषयी. साधे कृत्रिम अश्रू चालतात, पण दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या, कारण प्रिझर्व्हेटिव्हच डोळ्याला झोंबू शकतं. लाली घालवणारे थेंब वापरून ताईंचे डोळे उलट जास्त लाल होऊ लागले होते. त्यांचा असर उतरला की लाली परत येते. स्टेरॉइडचे थेंब केमिस्टकडून मनानं आणूच नका, त्यानं डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. गुलाबपाणीही डोळ्यात नको.

डोळा खरोखर दुखत असेल, उजेड सोसत नसेल, नजर अंधुक होऊन डोळे मिटूनही साफ होत नसेल किंवा एकच डोळा लाल झाला असेल, तर शेकत बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडत असेल आणि सांधे दुखत असतील, तर तेही त्यांना आवर्जून सांगा.

पाच आठवड्यांनी ताईंचा थर आठ सेकंद टिकला. ऑडिटच्या आठवड्यात त्यांचा शेक चुकला, तेव्हा चौथ्या संध्याकाळी वाळू पुन्हा खुपायला लागली. आता पातेलं रात्रीच्या जेवणानंतर गॅसवर चढतं.