मिराकास्ट की कास्ट: बिनतारी चित्र पाठवताना राउटर कधी लागतो

विंडोज ११ च्या लॅपटॉपवर खालच्या कोपऱ्यातील झटपट सेटिंगांमध्ये `Cast` नावाचे बटण असते. क्रोम ब्राउझरच्या मेनूतही `Cast` असाच पर्याय असतो. नाव एकच असले तरी पहिले बटण मिराकास्ट पद्धतीने चित्र पाठवते आणि दुसरे गूगल कास्ट पद्धतीने, आणि राउटरची गरज या दोन पद्धतींत अगदी वेगळी आहे. त्यामुळे बटणावरील नावावर विसंबून न राहता, चित्र कोणत्या वाटेने टीव्हीपर्यंत जाते हे आधी पाहावे.

मिराकास्ट ही वाय-फाय अलायन्स या संस्थेने २०१२ मध्ये आणलेली पद्धत आहे. तिच्यात लॅपटॉप आणि टीव्ही वाय-फाय डायरेक्टच्या आधारे थेट एकमेकांशी जोडले जातात. लॅपटॉप आपल्या पडद्याचे चित्र सतत संकुचित करून रेडिओवरून टीव्हीकडे ढकलतो, म्हणून राउटर किंवा इंटरनेट नसले तरी काम होते. मात्र लॅपटॉपचा वाय-फाय रेडिओ चालू असावाच लागतो. कोणत्याही नेटवर्कला जोडलेले नसणे चालते, पण वाय-फाय पूर्ण बंद केल्यास मिराकास्टही बंद पडते.

गूगल कास्टमध्ये व्हिडिओ ॲपमधील कास्टचे चिन्ह दाबले की फोन टीव्हीला बहुधा केवळ पत्ता देतो, आणि त्या पत्त्यावरचा व्हिडिओ टीव्ही स्वतः इंटरनेटवरून आणतो. फोन त्यानंतर रिमोटचे काम करतो. हा निरोप पोहोचण्यासाठी दोन्ही उपकरणे एकाच नेटवर्कवर असावी लागतात, आणि व्हिडिओ आणण्यासाठी टीव्हीला इंटरनेट लागते. आपण नेमकी कोणती पद्धत वापरत आहोत याची शंका असेल, तर व्हिडिओ चालू असताना फोनचा पडदा बंद करून पाहावा. टीव्हीवर व्हिडिओ चालूच राहिला तर ते कास्टिंग होय. टीव्हीवरील चित्रही गेले तर फोन स्वतःचा पडदा पाठवत होता. एक पोटभेद येथे लक्षात ठेवावा. गूगल कास्टनेही संपूर्ण पडदा किंवा ब्राउझरचा टॅब पाठवता येतो. तेव्हा चित्र फोन किंवा लॅपटॉपच तयार करतो, पण ते त्याच सामाईक नेटवर्कवरून जाते.

आता प्रत्यक्ष कृती. एका बैठकीच्या खोलीत मला सादरीकरण करायचे होते. टीव्हीमध्ये दोन्ही पद्धतींची सोय होती आणि वाय-फाय पाहुण्यांसाठीचे होते. असा प्रसंग आल्यास पुढील क्रमाने जावे.

१. लॅपटॉप मिराकास्ट पाठवू शकतो का, हे आधी तपासावे. त्यासाठी कमांड प्रॉम्प्ट उघडून ही आज्ञा द्यावी:

```
netsh wlan show drivers
```

उत्तरात `Wireless Display Supported: Yes` अशी ओळ दिसली पाहिजे. `No` दिसल्यास कंसात ग्राफिक्स ड्रायव्हर आणि वाय-फाय ड्रायव्हर यांपैकी कोणता कमी पडतो ते लिहिलेले असते, आणि तोच अद्ययावत करून पाहावा.

२. टीव्हीच्या इनपुटांमध्ये किंवा ॲपांमध्ये पडदा स्वीकारण्याचा पर्याय शोधून तो उघडा ठेवावा. बरेच टीव्ही तो उघडल्याशिवाय यादीत दिसतच नाहीत, आणि अर्धा वेळ येथेच वाया जातो.

३. लॅपटॉपवर `Win + K` दाबावे, यादीतून टीव्ही निवडावा आणि टीव्हीवर अंक दिसल्यास ते लॅपटॉपवर भरावेत. त्यानंतर `Win + P` दाबून तेच चित्र दाखवायचे की टीव्ही हा वाढीव पडदा म्हणून वापरायचा, ते ठरवावे.

त्या खोलीत क्रोमच्या यादीत टीव्ही दिसलाच नाही, पण `Win + K` च्या यादीत तो लगेच आला. चित्र मिळाले, मात्र इंटरनेटवरचा व्हिडिओ लावताच ते अडखळू लागले. अशा वेळी लॅपटॉपचा एकच रेडिओ राउटरच्या चॅनेलवर आणि टीव्हीच्या चॅनेलवर आलटून पालटून जात असू शकतो. तोच व्हिडिओ माझ्याकडे आधी उतरवून घेतलेलाही असल्याने मी लॅपटॉप पाहुण्यांच्या वाय-फायपासून तोडला, पण वाय-फाय चालू ठेवले, आणि चित्र सुरळीत झाले. थोडा विलंब मात्र राहतोच. माउस हलवल्यानंतर टीव्हीवरील बाण किंचित मागून येतो, आणि सादरीकरणाला ते चालत असले तरी वेगवान खेळांना चालत नाही.

क्रोमला टीव्ही का दिसला नाही, हे अधिक शिकण्यासारखे आहे. कास्टचे उपकरण `_googlecast._tcp` या नावाने स्थानिक नेटवर्कवर स्वतःची घोषणा करते, आणि ही घोषणा सहसा त्या नेटवर्कच्या हद्दीबाहेर जात नाही. म्हणून टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमधील पत्ता आणि लॅपटॉपवर `ipconfig` दिल्यावर दिसणारा पत्ता शेजारी ठेवून पाहावेत. घरगुती जोडणीत एक `192.168.1.23` आणि दुसरा `192.168.50.14` असा असेल, म्हणजे तिसरा आकडा वेगळा असेल, तर दोघे वेगळ्या नेटवर्कवर आहेत. दुसरा राउटर किंवा वेगळे पाहुण्यांचे नेटवर्क ही त्याची नेहमीची कारणे. राउटरच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन नावांमुळे मात्र सहसा असे होत नाही, कारण ती दोन्ही नावे बहुधा एकाच नेटवर्कची असतात. पत्ते एकाच गटातील असूनही टीव्ही दिसत नसेल, तर टीव्हीचा पत्ता घालून ही चाचणी करावी:

```
ping 192.168.1.34
```

उत्तर आलेच नाही, तर राउटरने उपकरणांना एकमेकांशी बोलण्यास मनाई केली असण्याची दाट शक्यता आहे. पाहुण्यांच्या नेटवर्कवर ही मनाई बहुधा मुद्दाम लावलेली असते, कारण अनोळखी माणसाचा फोन दुसऱ्याच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचू नये. ती आपल्याला उठवता येत नाही, आणि उठवण्याची मागणीही करू नये. लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल तर मात्र तो आधी बंद करून पाहावा, कारण त्यानेही हीच लक्षणे दिसतात.

कास्टच हवे असेल, तर फोनचा हॉटस्पॉट चालू करून टीव्ही आणि लॅपटॉप दोन्ही त्यावर आणावेत. मग फोनच राउटरची जागा घेतो. व्हिडिओचा डेटा तेव्हा फोनच्या जोडणीतून खर्च होतो, हे आधी जाणून घ्यावे.

फोनवरून पडदा पाठवायचा असेल, तर फोनची जात पाहावी लागते. सॅमसंगच्या फोनांतील स्मार्ट व्ह्यू मिराकास्ट वापरू शकतो. गूगलच्या पिक्सेल फोनांत मिराकास्ट नाही, त्यांना कास्टच, म्हणजे सामाईक नेटवर्कच, लागते. आयफोनमध्येही मिराकास्ट नाही. त्याचे एअरप्ले साधारणपणे सामाईक वाय-फायवर चालते, आणि ॲपलच्या स्वतःच्या टीव्ही-पेटीशी मात्र ते राउटरशिवाय थेटही जोडले जाऊ शकते.

मिराकास्टलाही एक अपवाद आहे. विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून, पाठवणारा लॅपटॉप आणि सोय असलेला स्वीकारणारा एकाच नेटवर्कवर असतील, तर चित्र थेट रेडिओऐवजी त्या नेटवर्कवरून जाऊ शकते. केबलने जोडलेल्या मोठ्या खोल्यांत हे अधिक स्थिर पडते. पण स्वीकारणाऱ्याचा शोध तरीही सहसा वाय-फाय डायरेक्टने लागतो, म्हणून लॅपटॉप केबलवर असला तरी त्याचे वाय-फाय चालू ठेवावे.

सशुल्क चित्रपटाच्या ॲपमधून पडदा पाठवल्यावर आवाज येतो आणि चित्र काळे राहते, तेव्हा राउटर शोधत बसू नये. ते ॲप संरक्षित चित्राची नक्कल होऊ देत नसते. अशा वेळी ॲपमधील कास्टचे चिन्ह वापरावे किंवा टीव्हीवरच ते ॲप उघडावे.