शेअरहोल्डर की स्टेकहोल्डर? सीएसच्या ट्रेनिंगला लागलेल्यांसाठी

ट्रेनिंगला लागलात की कोणीतरी विचारणारच, कंपनी नक्की कोणासाठी चालवायची. शेअरहोल्डर म्हणजे मालक आणि स्टेकहोल्डर म्हणजे कामगार, बँक, सप्लायर, आसपासचं गाव सगळेच, एवढं सगळ्यांना येतं. आमचे सर यावर एकच म्हणायचे, कलम पाठ म्हणून दाखवू नकोस, त्या कलमावरून भांडायला कोण जाऊ शकतं ते सांग.

कंपनी कायदा २०१३ चं कलम १६६(२) वाचा. डायरेक्टरने सभासदांच्या फायद्यासाठी आणि कंपनी, कर्मचारी, शेअरहोल्डर, समाज यांच्या हितासाठी, शिवाय पर्यावरण जपण्यासाठी काम करायचं, असं त्यात आहे. वाचायला एकदम भारी. पण डायरेक्टर चुकला तर कलम २४५ खाली एकत्र येऊन ट्रिब्युनलमध्ये जाता येतं ते सभासदांना आणि ठेवीदारांना, कामगार किंवा गावकरी त्या यादीत नाहीतच, त्यांना लेबर कायदा, प्रदूषण मंडळ असे दुसरे दरवाजे ठोठवावे लागतात. आणि कलम १७८ मधली ती स्टेकहोल्डर्स रिलेशनशिप कमिटी, नावावर जाऊ नका, ती शेअर, डिबेंचर वगैरे धारकांच्याच तक्रारी बघते!

कंपनी बुडाली की मात्र चित्र उलटं होतं, कारण तिथे मालक रांगेत शेवटी असतो. दिवाळखोरी कायदा २०१६, कलम ५३. हिशोब असा करून बघा (आकडे माझे): लिक्विडेशनमध्ये १०० कोटी आले, त्यातले ५ कोटी प्रक्रियेच्या खर्चाला गेले, उरले ९५. आता कामगारांची मागच्या २४ महिन्यांची थकबाकी १५ कोटी आणि तारण सोडून रांगेत आलेल्या बँकेचे १३५ कोटी, हे दोघे एकाच पायरीवर. एकूण मागणी १५० आणि हातात ९५, म्हणजे प्रमाणात वाटायचं, कामगारांना साडेनऊ कोटी आणि बँकेला साडेपंच्याऐंशी. संपलं. ऑफिस स्टाफचा १२ महिन्यांचा पगार याच्या खालच्या पायरीवर, बिनतारणी कर्जवाले त्याच्या खाली, मग सरकार, मग माल देऊन बिलासाठी थांबलेला छोटा सप्लायर, आणि तळाला शेअरहोल्डर, आधी प्रेफरन्सवाले मग इक्विटीवाले. सप्लायरचं मला खरंच वाईट वाटतं, त्याच्याकडे ना तारण ना मत.

नवीन मुलं इथे हमखास एक चूक करतात, कामगारांचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी फंडही याच रांगेत धरतात. कलम ३६(४) प्रमाणे तो पैसा लिक्विडेशनच्या मालमत्तेत येतच नाही, तो बाजूला काढून मगच वाटप सुरू करायचं. त्यामुळे फाईल हातात आली की आधी पीएफची चलनं खरंच भरलीत का ते तपासा.