एसी मोबाइलच्या अ‍ॅपला जोडताना घोडं कुठे अडतं

मे महिन्यात परभणीला मावशीकडे होतो. वरच्या खोलीत नवा स्प्लिट एसी बसवलेला, पण अ‍ॅपला काही केल्या जोडला जाईना. "अरे, माझा मोबाइल तर इथंच वायफायवर चालतोय की," मावशी म्हणाली. खरी मेख तिथेच होती.

बहुतेक एसींच्या वायफाय मॉड्यूलला फक्त 2.4GHz चं नेटवर्क कळतं. राउटर मात्र 2.4 आणि 5 दोन्ही एकाच नावाने देतो आणि मोबाइल 5 वर जाऊन बसतो. म्हणून आधी राउटरकडे वळा. त्याच्या खालच्या स्टिकरवरचा पत्ता, बहुधा `192.168.1.1`, ब्राउझरमध्ये उघडा आणि 5GHz चं नाव वेगळं करा. मावशीकडे `Gharkul` तसंच ठेवलं आणि दुसऱ्याला `Gharkul_5G` केलं. सुरक्षा WPA2 वर ठेवा. नुसतं WPA3 असेल तर अनेक मॉड्यूल जोडली जात नाहीत. नाव वेगळं करायची सोय नसेल तर जोडणी होईपर्यंत 5GHz बंद ठेवा.

आता मोबाइल `Gharkul` वर घ्या, लोकेशन चालू करा आणि मोबाइल डेटा बंद करा. मग एसी जोडणीच्या अवस्थेत न्या. रिमोटचं कोणतं बटण किती वेळ दाबायचं, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, त्यामुळे सोबतची पुस्तिका बघाच. बहुतेक ठिकाणी वायफायचा दिवा लुकलुकू लागतो. ही अवस्था थोडाच वेळ टिकते, म्हणून अ‍ॅप आधीच उघडून ठेवा.

काही अ‍ॅप मोबाइलला थोडा वेळ एसीच्याच हॉटस्पॉटवर जायला सांगतात. तेव्हा "या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी राहायचं का?" अशा अर्थाची सूचना येते. तिथे "हो" म्हणा. डेटा चालू राहिला तर मोबाइल गुपचूप त्याच्याकडे पळतो आणि जोडणी अर्ध्यावर तुटते.

अ‍ॅपला एसी दिसतच नसेल तर लोकेशन, 2.4GHz आणि एसीचा लुकलुकणारा दिवा पुन्हा तपासा. एसी दिसतो पण नेटवर्कवर जात नाही, तर पासवर्ड चुकलाय किंवा रेंज कमी आहे. एसीखाली उभं राहून मोबाइलवर 2.4 ची रेंज बघा. मावशीकडे एकच कांडी येत होती, कारण राउटर खालच्या खोलीत लोखंडी कपाटामागे होता आणि मध्ये स्लॅब. तो जिन्याजवळ आणला आणि पुढच्या खेपेला एसी जोडला गेला.

लाइट जाऊन आली की अ‍ॅपमध्ये एसी ऑफलाइन दिसेल. तो लगेच काढून पुन्हा जोडायला घेऊ नका. राउटर सुरू व्हायला वेळ लागतो. पाच मिनिटं थांबा, एसी आपोआप परत येतो. मात्र भिंतीवरचं बटण किंवा स्टॅबिलायझर बंद असेल तर मॉड्यूललाही वीज मिळत नाही. मग गावाहून निघताना अ‍ॅपमधून एसी लावता येणार नाही.