हब अर्ध्यात अडकत होता, तापमानाचा हिशोब असा बसला

कपलिंगचा स्टीलचा हब शाफ्टवर अर्ध्यात जाऊन आवळत होता. बोअर 80.00 मिमी, शाफ्ट 80.08, म्हणजे इंटरफिअरन्स 0.08. हब 115 अंशांपर्यंत तापवला जायचा. तेवढ्यात बोअर जेमतेम शाफ्टइतका होतो. सरकायला जागाच उरत नाही, आणि शाफ्टला टेकताच हब उष्णता गमावून आकसतो.

म्हणून इंटरफिअरन्समध्ये सरकण्यासाठीची मोकळीक मिळवली. व्यासाचा हजारावा भाग मी धरतो, इथे 0.08. स्टील दर अंशाला दर मिमीमागे 0.000012 मिमी प्रसरण पावतं.

```
ΔT = (0.08 + 0.08) / (80 × 0.000012) ≈ 167
```

ही फक्त वाढ आहे. खोलीचे 30 अंश धरून 197 झाले. भट्टीतून शाफ्टपर्यंत नेताना हब निवतो, म्हणून 220 ठेवले. हार्डन केलेला हब असता तर टेंपरिंगचं तापमान आधी बघितलं असतं, कारण त्याच्या वर गेलं की कडकपणा उतरतो.

थर्मामीटर पृष्ठभागाचंच तापमान सांगतो, आतला भाग मागे असू शकतो. म्हणून टोकं गोलसर केलेली 80.15 मिमी लांबीची सळई बोअरमध्ये आडवी फिरवून बघितली. ती मोकळी फिरली. सळई लगेच बाहेर काढावी, आत राहिली तर तीही तापून लांबते. हब एका दमात खांद्यापर्यंत गेला. गार होईपर्यंत तो खांद्याला दाबून धरला, नाहीतर आकसताना फट पडते.