पर्यायांतील पुनरुक्ती ओळखताना या चुका टाळा

बँक, कर्मचारी निवड आयोग आणि तत्सम परीक्षांच्या इंग्रजी विभागात वाक्यसुधारणेचे प्रश्न असतात. त्यांतील पुनरुक्ती मराठी विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटते, कारण ती वाक्ये त्याच्या कानाला मुळीच खटकत नाहीत. आपण ‘परत आला’ म्हणतो, तेव्हा ‘परत’ हा शब्द क्रियापदाच्या बाहेर असतो. इंग्रजी ‘रिटर्न’मध्ये मात्र तो आतच सामावलेला असतो. त्यामुळे ‘रिटर्न बॅक’ म्हणजे ‘परत परत आला’ असे होते. ‘जास्त चांगला’ हेही तसेच आहे. मराठीत विशेषणाचे रूप न बदलता तुलना दाखवावी लागते, तर ‘बेटर’ या शब्दात तुलना आधीच झालेली असते. म्हणून ‘मोअर बेटर’ लिहिणारा विद्यार्थी खरे तर मराठी व्याकरण अचूक पाळत असतो, आणि ही चूक नुसत्या पाठांतराने जात नाही ती याचमुळे.

पुढील वाक्य पाहा: ‘द रीझन शी रिटर्न्ड बॅक टू नाशिक इज बिकॉज हर मदर वॉज इल.’ त्याचे पर्याय असे आहेत:

अ) द रीझन शी रिटर्न्ड टू नाशिक इज बिकॉज हर मदर वॉज इल.
ब) द रीझन व्हाय शी रिटर्न्ड बॅक टू नाशिक वॉज दॅट हर मदर वॉज इल.
क) शी रिटर्न्ड टू नाशिक ड्यू टू हर मदर वॉज इल.
ड) शी रिटर्न्ड टू नाशिक बिकॉज हर मदर वॉज इल.

मूळ वाक्यात दोन पुनरुक्ती आहेत, आणि पहिले दोन पर्याय त्यांपैकी एकेकच दुरुस्त करतात. प्रश्न रचणाऱ्याचा हा नेहमीचा सापळा आहे. विद्यार्थी ‘बॅक’ गेलेले पाहतो, चूक सापडल्याचे समाधान मिळते आणि ‘अ’वर खूण करून तो पुढे जातो, ‘रीझन’ आणि ‘बिकॉज’ दोन्ही ‘कारण’च सांगतात, हे तपासायचे राहून जाते. ‘ब’मध्ये ‘इज बिकॉज’ गेले, पण ‘बॅक’ तसेच राहिले. तिथे ‘व्हाय’वर अडखळण्याचे कारण नाही. ‘द रीझन व्हाय’ काही जण अनावश्यक मानतात, तरी ते प्रमाण इंग्रजीत रूढ आहे, आणि केवळ तेवढ्यासाठी पर्याय बाद करू नये. ‘क’मध्ये पुनरुक्ती नाही आणि तो आटोपशीरही आहे, पण ‘ड्यू टू’नंतर नाम यावे लागते, पूर्ण उपवाक्य चालत नाही. पुनरुक्ती नसलेला पर्याय बरोबरच असतो, ही समजूत इथेच घात करते. उत्तर ‘ड’ आहे.

दुसरी चूक अधोरेखित भागाच्या प्रश्नात होते. ‘द रीझन फॉर द डिले इज बिकॉज द रोड वॉज ब्लॉक्ड’ या वाक्यात फक्त ‘इज बिकॉज’ अधोरेखित असेल, तर ‘द रीझन’ तुम्हाला हलवता येत नाही; म्हणून उत्तर ‘इज दॅट’ हेच येते. जोडीतला एक शब्द रेषेखाली आणि दुसरा रेषेबाहेर ठेवलेला असतो, आणि जे केवळ रेषेखालचे शब्द वाचतात त्यांना तिथे काहीच चुकलेले दिसत नाही. यासाठी प्रत्येक पर्याय मूळ जागी बसवून पूर्ण वाक्य वाचावे आणि अर्थाचा एखादा तुकडा दोनदा आला आहे का, हे स्वतःला विचारावे.

मात्र हाच नियम अती ताणला की उलट चूक होते. एकदा ‘बॅक’चा धसका बसला की काही विद्यार्थी ‘शी केम बॅक’मधलेही ‘बॅक’ खोडतात. ‘कम’, ‘गो’ आणि ‘गिव्ह’ यांच्या पोटात ‘परत’ नाही, त्यामुळे तिथे तो शब्द हवाच. ‘मच बेटर’ आणि ‘इव्हन बेटर’ हेही निर्दोष आहेत, कारण ‘मच’ तुलना करत नाही, ती किती मोठी आहे एवढेच सांगतो. याउलट ‘मोअर प्रिफरेबल’ आणि ‘मोअर सुपिरिअर’ यांत तुलनेची खूण वरवर दिसत नसली तरी अर्थात ती आहे, आणि परीक्षेत ही रूपे चूकच धरतात.

‘रिपीट अगेन’ बाबतीत संदर्भ पाहावा लागतो. उत्तर पहिल्यांदाच पुन्हा सांगायचे असेल तर ‘अगेन’ जास्तीचे आहे; पण शिक्षकांनी ते एकदा पुन्हा सांगितले होते आणि आता तिसऱ्यांदा सांगत आहेत, असे वाक्यातच स्पष्ट असेल, तर ‘अगेन’ने नवी माहिती मिळते आणि ते खोडल्यास अर्थ बदलतो.